दोन लिटरची पाटी उतरवा: सीओपीडीच्या रुग्णांच्या ऑक्सिजनविषयी खुले पत्र

प्रति,
परिचर्या आणि निमवैद्यकीय अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांचे सन्माननीय सदस्य,
तसेच सर्व रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक,

सविनय नमस्कार.

मी निवृत्त परिसेविका आहे. माझ्या नोकरीतील बहुतेक वर्षे छातीविकारांच्या वॉर्डात गेली. हे पत्र मी आधी अर्ज म्हणून एका रुग्णालयाकडे पाठवले होते. त्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात भिंतीवर एक लॅमिनेट केलेली पाटी आहे आणि तिच्यावर लाल अक्षरांत लिहिले आहे, ‘सीओपीडी रुग्णास २ लिटरपेक्षा जास्त ऑक्सिजन देऊ नये, श्वास थांबतो.’ ती पाटी काढावी अशी विनंती मी केली होती. त्यावर मला लेखी उत्तर आले की पाटीवरील सूचना प्रचलित अभ्यासक्रमाला धरून आहे, त्यामुळे ती बदलण्याचे कारण दिसत नाही. उत्तर सभ्य होते आणि मला वाटते ते खरेही होते. म्हणूनच आता हे पत्र त्या एका रुग्णालयाला न लिहिता, अभ्यासक्रम ज्यांच्या हातात आहे त्या आपणा सर्वांना आणि आपल्यासोबत सर्व वाचकांना लिहीत आहे.

आधी माझा या विषयाशी असलेला संबंध सांगते. माझी आई ७१ वर्षांची आहे. तिने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण चाळीसहून अधिक वर्षे कोकणातल्या आमच्या घरी ओल्या लाकडांच्या चुलीपुढे स्वयंपाक केला. तिच्या फुप्फुसांना झालेला आजार धूम्रपान करणाऱ्यांना होतो तोच आहे, सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होऊन आतली हवा नीट बाहेर न पडण्याचा जुनाट आजार. गेल्या काही वर्षांपासून तिच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्तात त्याचा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटरइतका असतो, आईचा बरी असतानाही ६० च्या आसपास असतो. मूत्रपिंडे रक्तात बायकार्बोनेट धरून ठेवतात आणि त्यामुळे रक्ताची आम्लता सांभाळली जाते, एवढ्या आधारावर ती घरात हिंडते-फिरते.

गेल्या जानेवारीत सर्दी-खोकल्याचे निमित्त होऊन तिला धाप लागली आणि रात्री साडेनऊला भावाने तिला एका खासगी रुग्णालयात दाखल केले. तेव्हा ऑक्सिमीटरवर ७२ टक्के दिसत होते आणि श्वासाचा वेग मिनिटाला ३४ होता. नाकातील नळीने मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन सुरू झाला आणि आकडा ७९ वर येऊन थांबला. रात्रपाळीच्या सिस्टरने प्रवाह वाढवू का, असे विचारले, तेव्हा तिला भिंतीवरची पाटी दाखवण्यात आली. पुढचे सव्वादोन तास आई ७९ टक्क्यांवर होती. पावणेबाराला ओठ निळे पडून ती तळमळू लागली, तेव्हा सगळेच घाबरले आणि पिशवीचा मास्क लावून १० लिटर ऑक्सिजन दिला गेला. पाच मिनिटांत आकडा ९९ झाला. भावाने मला फोन करून सांगितले की आता काळजी नाही, आई शांत झोपली आहे.

मी पहाटे तीनला पोहोचले. आई झोपलेली नव्हती, तिला गुंगी आली होती. हाका मारल्यावर डोळे उघडायची आणि वाक्य अर्धवट सोडून पुन्हा मिटायची. तळहात गरम होते, चेहरा लालसर झाला होता, नाडी मनगटावर जोरात उडत होती. मी तिचे दोन्ही हात पुढे धरून मनगटे मागे वळवायला सांगितली, तेव्हा हाताचे पंजे पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडू लागले. ही सगळी कार्बन डायऑक्साइड चढल्याची लक्षणे आहेत आणि ती ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. मी ड्यूटीवरच्या सिस्टरला तसे सांगितले. तिने आईच्या छातीकडे बोट दाखवून म्हटले, ‘पण मॅडम, श्वास थांबलेला नाही ना? अठ्ठावीस आहे.’

सन्माननीय सदस्यहो, त्या मुलीचा यात काहीही दोष नव्हता. तिला शिकवले होते तेच ती करत होती. ऑक्सिजन जास्त झाला की श्वास मंदावतो आणि थांबतो असे पुस्तकात होते, म्हणून ती दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजत होती आणि तो चालू असल्याचे पाहून निर्धास्त होत होती. तीन वाजून वीस मिनिटांनी धमनीतील रक्ताची तपासणी झाली. कार्बन डायऑक्साइडचा दाब ९२ आणि रक्ताची आम्लता दाखवणारा पीएच ७.२१, म्हणजे रक्त बरेच आम्ल झालेले. मिनिटाला २८ श्वास घेणाऱ्या बाईच्या रक्ताची ही स्थिती होती.

याच्या पुढे जे घडले ते मला सर्वात जास्त लागले. अहवाल पाहताच ‘ऑक्सिजनमुळे झाले’ असे म्हणून मास्क पूर्ण काढून टाकण्यात आला. काही मिनिटांतच आकडा ५८ वर आला. मी अक्षरशः ओरडले. मग नाकातील नळी पुन्हा लावून, आकडा ८८ ते ९० च्या दरम्यान राहील इतकाच प्रवाह हळूहळू जुळवला. पहाटे साडेपाचला तिला बायपॅपची, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची, सोय असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात हलवले. दुपारपर्यंत कार्बन डायऑक्साइड ६४ आणि पीएच ७.३४ पर्यंत आला. आठव्या दिवशी ती घरी आली.

एका रात्रीत तीन चुका झाल्या. आधी कमी ऑक्सिजन, मग अति ऑक्सिजन, मग एकदम बंद. वरवर पाहता त्या परस्परविरुद्ध आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती समजूत मी स्वतः एकोणीस वर्षे नव्या मुलींना शिकवत आले, म्हणून ती कशी आहे आणि कुठे चुकते ते नीट मांडणे हे माझे कर्तव्य समजते.

समजूत अशी. निरोगी माणसाला श्वास घ्यायला लावतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. ज्यांच्या रक्तात तो वर्षानुवर्षे चढलेलाच असतो त्यांच्या मेंदूला त्याची सवय होते आणि मग मानेतील धमन्यांजवळच्या पेशींना जाणवणारी ऑक्सिजनची कमतरता हीच श्वासाची एकमेव प्रेरणा उरते. ऑक्सिजन देऊन ती कमतरता भरून काढली की प्रेरणा जाते, श्वास मंदावतो आणि कार्बन डायऑक्साइड चढतो. पुस्तकात याला हायपॉक्सिक ड्राइव्ह म्हणतात. हे इतके सुटसुटीत आहे की एकदा ऐकले की विसरत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकण्याचे तेच कारण असावे असे मला वाटते.

यातली निरीक्षणाची बाजू खरी आहे. अशा रुग्णांना भरमसाट ऑक्सिजन दिल्यावर ते गुंगीत जातात हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून डॉक्टरांना दिसत होते. मोरन कॅम्पबेल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६० मध्ये मोजून-मापून ऑक्सिजन देणारा व्हेंचुरी मास्क पुढे आणला तो याच अनुभवातून, आणि आजही तो मास्क आपले सर्वात भरवशाचे साधन आहे. ऑक्सिजन मोजून द्यावा हा सल्ला बरोबरच होता. चुकले ते त्यामागचे कारण.

कारण तपासून पाहण्याचे काम फ्रान्समधील डॉक्टरांनी केले आणि १९८० मध्ये ते प्रसिद्ध झाले. सीओपीडी विकोपाला जाऊन दाखल झालेल्या २२ रुग्णांना त्यांनी १५ मिनिटे शंभर टक्के ऑक्सिजन दिला आणि रुग्ण दर मिनिटाला किती हवा आत-बाहेर करतो हे मोजले. समजूत खरी असती तर हवेचे हे प्रमाण कोसळायला हवे होते. सुरुवातीला ते १८ टक्क्यांनी कमी झाले, पण पुन्हा वाढू लागले आणि पंधराव्या मिनिटाला मूळच्या ९३ टक्क्यांपर्यंत आले. म्हणजे श्वास जवळजवळ पूर्ववत झाला होता. तरीही त्याच वेळात कार्बन डायऑक्साइडचा दाब सरासरी २३ मिलिमीटरने वाढला होता. कमी झालेल्या श्वासाच्या हिशोबात त्यातले सुमारे ५ मिलिमीटर बसत होते. उरलेले १८ कुठून आले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या वर्गांत शिकवले जात नाही ही माझी पहिली तक्रार आहे.

उत्तराचा मोठा भाग फुप्फुसातील रक्ताच्या वाटपात आहे. ज्याने शेतात पाटाचे पाणी दिले आहे त्याला हे लगेच समजेल. पाणी थोडे असते, म्हणून शेतकरी ज्या वाफ्यात पीक उभे आहे तिकडचे दार उघडतो आणि पडीक वाफ्याचे दार मातीने बुजवतो. फुप्फुसही तेच करते. ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही तिथे ऑक्सिजन कमी होतो, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त हवा खेळत्या असलेल्या भागाकडे वळते. सीओपीडीचा रुग्ण याच काटकसरीवर जगत असतो. आता बाहेरून भरपूर ऑक्सिजन दिला की तो त्या कोंदट भागातही झिरपतो. तिथल्या वाहिन्यांना वाटते की टंचाई संपली, त्या सैल पडतात आणि रक्त तिकडे वाहू लागते. पण त्या भागातली हवा अजूनही बाहेर पडत नसते. तिथे गेलेल्या रक्ताला ऑक्सिजन मिळतो, आपला कार्बन डायऑक्साइड मात्र टाकता येत नाही. दुसरीकडे, ज्या भागात हवा खेळती आहे त्याच्या वाट्याचे रक्त घटते आणि तिथला श्वास काही प्रमाणात वाया जातो. रुग्ण पहिल्याइतकाच श्वास घेत असतो, पण त्या श्वासाचे काम कमी झालेले असते.

दुसरा भाग रक्तातच आहे. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला की त्याची कार्बन डायऑक्साइड धरून ठेवण्याची क्षमता घटते. हे हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ मध्येच दाखवले होते आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते. हिमोग्लोबिनने सोडून दिलेला वायू निरोगी माणूस दोन श्वास जास्त घेऊन बाहेर टाकतो. ज्याची छाती आधीच पूर्ण ताकदीने चालली आहे त्याला तेवढा जास्तीचा श्वास परवडत नाही, म्हणून तो वायू रक्तातच राहतो आणि दाब वाढवतो. १९८० च्या त्या वाढीतला साधारण चौथा हिस्सा याचा होता.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑक्सिजनमुळे श्वासाची प्रेरणा मुळीच कमी होत नाही असे मी म्हणत नाही. मानेतल्या त्या पेशी खऱ्या आहेत आणि १८ टक्क्यांची सुरुवातीची घटही खरी आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या रुग्णांचा कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनने चढला त्यांच्या श्वासातही काही घट दिसली होती. तिन्ही कारणांचा वाटा रुग्णागणिक बदलतो आणि त्यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. झोपेच्या गोळ्या किंवा अफूजन्य वेदनाशामके घेतलेल्या रुग्णात तर श्वास मंदावणे हेच मुख्य संकट असते. माझे म्हणणे इतकेच की ‘ऑक्सिजन दिला म्हणून श्वास थांबला’ हे एकमेव कारण म्हणून शिकवणे चूक आहे, आणि त्या चुकीमुळे खाटेजवळ उभी असलेली परिचारिका चुकीच्या ठिकाणी पाहत राहते.

ही माझी दुसरी आणि सर्वात गंभीर तक्रार आहे. कार्बन डायऑक्साइड चढत असताना बराच काळ श्वास वेगानेच चालू असतो. तो मंदावतो ते अगदी शेवटी, गुंगी गाढ झाल्यावर. म्हणजे श्वास मोजत बसणारी परिचारिका धोक्याची सूचना मिळेपर्यंत काही तास गमावते. ऑक्सिमीटर तर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. आईच्या बोटाला लावलेले यंत्र ९९ दाखवत होते त्याच वेळी तिचे रक्त आम्ल होत चालले होते. खरे पाहायचे ते रुग्ण नीट बोलतो का, सकाळपेक्षा सुस्त झाला आहे का, डोके दुखते का, पंजे फडफडतात का. नक्की करायचे असेल तर धमनीतील रक्त तपासायचे.

तिसरी तक्रार त्या ‘२ लिटर’ या आकड्याविषयी आहे. नाकातील नळीतून येणारा २ लिटर हा ठरावीक डोस नाही. रुग्ण शांतपणे नाकाने श्वास घेत असेल तर त्याला साधारण २८ टक्के ऑक्सिजन मिळतो. तोच रुग्ण तोंड उघडून मिनिटाला ३४ वेळा धापा टाकत असेल, तर तो खोलीतली इतकी हवा आत ओढतो की नळीतला ऑक्सिजन तिच्यात विरून जातो. एकाच २ लिटरमध्ये एका रुग्णाला जास्त होते आणि दुसरा ७९ टक्क्यांवर तळमळतो. ऑक्सिजन अभावी हृदय आणि मेंदू थांबतात, आणि तेही कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी लवकर, हे आपल्या पाटीवर कुठेच लिहिलेले नाही.

शिवाय ज्या वॉर्डात ही पाटी आहे त्याच वॉर्डात दिवसातून चार वेळा नेब्युलायझर थेट ऑक्सिजनच्या नळाला जोडून ८ लिटरवर पंधरा-पंधरा मिनिटे चालवला जातो. औषधाचे फवारे करायला तेवढा प्रवाह लागतो म्हणून कोणी त्याला ऑक्सिजन मानतच नाही. मीही मानत नसे. अशा रुग्णांना नेब्युलायझर साध्या हवेच्या कॉम्प्रेसरवर द्यावा आणि त्या काळात नाकातील नळीने बेताचा ऑक्सिजन चालू ठेवावा. कॉम्प्रेसर नसेलच तर ऑक्सिजनवरचा नेब्युलायझर सहा मिनिटांत थांबवावा. औषधाचा बहुतेक भाग तेवढ्यात जातो.

चौथी तक्रार ऑक्सिजन एकदम बंद करण्याविषयी. त्यामागचा हिशोब वर्गात एकदा फळ्यावर मांडला तरी पुरेल, म्हणून इथे सविस्तर देते. समुद्रसपाटीला, ओलसर झालेल्या साध्या हवेतून वायुकोशात ऑक्सिजनला मिळणारा दाब साधारण १५० मिलिमीटर असतो. त्यातून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाला ०.८ ने भागून येणारी संख्या वजा केली की वायुकोशात ऑक्सिजनसाठी किती उरते ते कळते. निरोगी माणसाचा कार्बन डायऑक्साइड ४० असतो. त्याला ०.८ ने भागले की ५०, म्हणजे ऑक्सिजनसाठी उरतात १००. आईचा नेहमीचा ६० धरला तर ७५ वजा होऊन ७५ उरतात, त्यात ती जगते. त्या पहाटे तिचा ९२ होता. ११५ वजा झाले आणि मास्क काढताच ऑक्सिजनसाठी ३५ उरले. वायुकोशातून रक्तात जाताना तो दाब आणखी घटतो. ९२ चे पुन्हा ६० व्हायला काही तास लागतात, कारण शरीरात या वायूचा साठा फार मोठा असतो. ऑक्सिजनचा साठा मात्र मिनिटांतच संपतो. म्हणूनच दाखल होताना ७२ असलेला आकडा मास्क काढल्यावर ५८ वर गेला. आधी होती त्यापेक्षा वाईट स्थिती आम्ही स्वतःच्या हाताने आणली. अशा वेळी ऑक्सिजन बंद करायचा नसतो, तो व्हेंचुरी मास्कवर २८ किंवा २४ टक्क्यांपर्यंत किंवा नाकातील नळीने १ ते २ लिटरपर्यंत उतरवून आकडा ८८ ते ९२ मध्ये ठेवायचा असतो, आणि पीएच ७.३५ च्या खालीच राहिला तर बायपॅपची तयारी करायची असते.

८८ ते ९२ हे लक्ष्य मी मनाने काढलेले नाही. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने २००८ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत तेच दिले आहे. बहुतेक रुग्णांसाठी ९४ ते ९८ आणि कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्यांसाठी ८८ ते ९२. हा धोका सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाला नसतो, आणि सीओपीडी नसलेल्या काहींना असतो. पाठीला मोठे कुबड असलेले, अतिस्थूल, स्नायूंच्या आजाराने छाती दुबळी झालेले, जुन्या ब्राँकिएक्टॅसिसचे रुग्णही यात येतात. आपल्याकडे क्षयरोगाने फुप्फुसांचा बराचसा भाग निकामी झालेले रुग्णही मी याच यादीत धरीन. त्यांच्यापैकी कोणाच्याही खाटेवर ‘सीओपीडी’ लिहिलेले नसते, त्यामुळे पाटी त्यांना लागूच होत नाही.

लक्ष्य ठेवून ऑक्सिजन दिल्याने काय फरक पडतो हे ऑस्ट्रेलियातील टास्मानियात पाहिले गेले. तिथल्या रुग्णवाहिकांमध्ये धाप लागलेल्या, सीओपीडी असावा असे वाटणाऱ्या ४०५ रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीप्रमाणे मास्कने ८ ते १० लिटर ऑक्सिजन दिला, काहींना आकडा ८८ ते ९२ राहील इतकाच. पहिल्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ४ टक्के. ज्यांचा सीओपीडी तपासणीने नक्की झाला होता त्यांच्यात हेच प्रमाण ९ आणि २ होते. लक्षात घ्यावे की दुसऱ्या गटाला कोणी २ लिटरवर अडवून ठेवले नव्हते. रुग्णाला लागेल तेवढा ऑक्सिजन मिळत होता, फक्त लक्ष्याच्या पलीकडे जात नव्हता.

ऑक्सिमीटरबाबत एक सावधगिरी. हे यंत्र काळ्या-सावळ्या त्वचेवर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तातला आकडा ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गौरवर्णीयांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आढळले. आपल्या रुग्णांच्या त्वचेचा रंग पाहता हे आपण दुर्लक्षित करू नये. यंत्रावरचा ८८ हा आकडा काठावरचा समजावा आणि शंका आली की रक्त तपासावे.

आता माझ्या मागण्या.

अभ्यासक्रमातून आणि प्रशिक्षण पुस्तिकांतून हायपॉक्सिक ड्राइव्ह हे एकमेव कारण म्हणून काढावे. त्याच्या जागी रक्ताचे वाटप, हॉल्डेनचा परिणाम आणि श्वासातील अंशतः घट अशी तिन्ही कारणे शिकवावीत. परीक्षेत ‘सीओपीडी रुग्णाला जास्त ऑक्सिजन का देऊ नये’ या प्रश्नाला ‘श्वास थांबतो’ एवढ्या उत्तरावर पूर्ण गुण देणे बंद करावे. प्रश्नपत्रिका बदलली की शिकवणे आपोआप बदलते, हा माझा अनुभव आहे.

भिंतीवरच्या २ लिटरच्या पाट्या उतरवाव्यात. डॉक्टरांनी इतर औषधांप्रमाणे केसपेपरवर ऑक्सिजनचे लक्ष्य लिहावे, ९४ ते ९८ किंवा ८८ ते ९२, आणि त्या मर्यादेत प्रवाह कमी-जास्त करण्याचा अधिकार परिचारिकेला लेखी द्यावा. त्या रात्री सिस्टरकडे हा अधिकार असता तर आई सव्वादोन तास ७९ वर राहिली नसती आणि नंतर ९९ वरही गेली नसती.

धोका असलेल्या रुग्णाला ऑक्सिजन सुरू केल्यावर तीस ते साठ मिनिटांत धमनीतील रक्ताची तपासणी व्हावी. जिथे ती सोय नाही, तिथे दर अर्ध्या तासाला रुग्णाची शुद्ध, बोलणे आणि पंजांची फडफड नोंदवण्याचा रकाना निरीक्षण तक्त्यात घालावा आणि बदल दिसताच रुग्णाला पुढे पाठवावे.

प्रत्येक अपघात विभागात आणि रुग्णवाहिकेत २४ आणि २८ टक्क्यांचे व्हेंचुरी मास्क असावेत. बहुतेक ठिकाणी निळे टोपण २४ टक्क्यांचे आणि पांढरे २८ टक्क्यांचे असते, पण किती लिटरवर चालवायचे ते टोपणावरच छापलेले असते आणि तेच वाचावे. मी ज्या रात्रीविषयी लिहिले त्या रात्री संपूर्ण रुग्णालयात एकही नव्हता. नेब्युलायझरसाठी हवेचा कॉम्प्रेसर वॉर्डात ठेवावा.

ज्या रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड एकदा चढलेला आढळला आहे त्याला घरी सोडताना एक कार्ड द्यावे आणि त्यावर त्याचे लक्ष्य, नेहमीचा कार्बन डायऑक्साइड आणि कोणत्या मास्कवर तो स्थिर राहिला हे लिहावे. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले आहेत. धाप वाढली की घरचे लोक काळजीपोटी बटण फिरवून प्रवाह वाढवतात. त्यांनाही हे कार्ड वाचून दाखवावे. आईच्या पिशवीत आता तिच्या नावाचे असे कार्ड आहे, ते मीच हाताने लिहून दिले आहे.

या मागण्यांवर आपण काय करणार ते लेखी कळवावे, अशी माझी विनंती आहे. आईच्या त्या रात्रीचे केसपेपर, दोन्ही रक्ततपासण्यांचे अहवाल आणि भिंतीवरच्या पाटीचे छायाचित्र माझ्याकडे आहे. रुग्णालयाचे आणि कर्मचाऱ्यांचे नाव झाकून मी ते अभ्यासक्रम समितीसमोर ठेवायला तयार आहे. प्रशिक्षण वर्गात येऊन शिकवायला बोलावलेत तर स्वखर्चाने येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका